रबर ताणला की सूर चढतो का? रबरबँड आणि डब्यांच्या फोनमधून ध्वनीचा धडा

सहावी-सातवीच्या वर्गात ध्वनीचा धडा आला की दोन प्रयोग ठरलेले असतात. एकात रबरबँड ताणून छेडायचा, दुसऱ्यात दोन डब्यांना दोरा बांधून फोन करायचा. दोन्ही जवळपास फुकटात होतात आणि मुलांना आवडतात. पण दोन्हींत एकेक अडचण दडलेली आहे आणि ती नेमकी वर्गातच उघडी पडते.

रबराचंच बघा. "रबर जितका जास्त ताणाल तितका सूर उंच" असं फळ्यावर लिहून बाई मुलांच्या हातात रबर देतात. मुलं तो दोन बोटांत ताणून कानाजवळ छेडतात. सूर जवळपास होता तिथेच राहतो. एखादी चुणचुणीत मुलगी म्हणते, "बाई, माझा तर खाली गेला." बहुतेक वेळा तिला पुन्हा नीट ऐकायला सांगितलं जातं. खरं तर तिने नीटच ऐकलेलं असतं. फळ्यावरचं वाक्यही खोटं नाही, पण ते अर्धंच आहे. उरलेलं अर्धं कळलं तर हा प्रयोग पुस्तकात दिसतो त्यापेक्षा बराच रंगतो.

आधी दोनच शब्द

रबर ताणून मधोमध छेडला की एका रेषेऐवजी मधे फुगलेला धूसर पट्टा दिसतो. रबर तिथे सेकंदाला शंभर-दोनशे वेळा इकडून तिकडे जात असतो आणि डोळ्याला ती हालचाल सुटी सुटी टिपता येत नाही. या येण्याजाण्याला कंपन म्हणायचं. एका सेकंदात किती कंपनं झाली ती संख्या म्हणजे वारंवारता, आणि ती हर्ट्झमध्ये मोजतात. सेकंदाला 100 कंपनं म्हणजे 100 हर्ट्झ. वारंवारता वाढली की सूर चढतो, कमी झाली की उतरतो. पुढच्या सगळ्या लेखाला एवढी परिभाषा पुरते.

इथे मुलांची एक गल्लत सुरुवातीलाच काढून टाकावी लागते. तोच रबर, तेवढाच ताणून, आधी हळू आणि मग जोरात छेडायला सांगा. जोरात छेडल्यावर धूसर पट्टा रुंद होतो आणि आवाज मोठा होतो. सूर मात्र तोच राहतो. (फारच जोरात छेडलं तर पहिल्या क्षणी सूर किंचित चढा लागतो, कारण त्या झटक्याने रबर आणखी ताणला जातो. तेवढं सोडून द्या.) मोठा आवाज आणि उंच सूर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे तोंडी सांगून पटत नाही. "रबराचा सूर गुणगुणून दाखव" असं सांगितलं की पटतं. गुणगुणताना मूल आपोआप सूर पकडतं आणि आवाजाचा मोठेपणा बाजूला ठेवतं. पुढच्या सगळ्या प्रयोगांतही हीच युक्ती वापरा. गिटार किंवा तंबोरा लावायचं ट्यूनर ॲप मोबाईलवर असेल तर उत्तमच, पण मुलांच्या कानांचं काम त्याने कमी करू नये.

मग रबर ताणूनही सूर का चढला नाही?

कुठल्याही ताणलेल्या तारेचा सूर तीन गोष्टींवर ठरतो: तार किती लांब आहे, किती ताणलेली आहे आणि दर सेंटीमीटरला किती वजनाची आहे. तार लांब झाली तर सूर उतरतो. ताण वाढला तर सूर चढतो. तार हलकी असेल तरीही सूर चढतो. सतारीची खुंटी पिळली की फक्त ताण वाढतो. तारेची लांबी घोडीपासून मेरूपर्यंत ठरलेली असते आणि पोलादी तार इतकी कमी ताणली जाते की तिचं दर सेंटीमीटरचं वजन बदलल्याचं जाणवतही नाही. म्हणून सतारीवर "ताण वाढला, सूर चढला" हे वाक्य चोख लागू पडतं.

बोटांत धरलेल्या रबराचं तसं नाही. तो ताणला की तिन्ही गोष्टी एकदम बदलतात. ताण वाढतो, रबर पातळ होऊन दर सेंटीमीटरला हलका होतो, आणि त्याच वेळी लांबही होतो. पहिल्या दोन बदलांनी सूर चढतो, तिसऱ्याने उतरतो.

हे आकड्यांत करून बघू. टेबलावर सपाट ठेवल्यावर 8 सेंटीमीटर भरणारा रबर घ्या. तो 16 सेंटीमीटरपर्यंत ताणून छेडला तेव्हा समजा 100 हर्ट्झचा सूर आला. आता तोच 32 सेंटीमीटरपर्यंत ताणा. पहिल्या वेळी रबर मूळ लांबीपेक्षा 8 सेंटीमीटर वाढला होता, आता 24 ने वाढलाय. जितकी वाढ तितका ताण असं धरलं तर ताण तिप्पट झाला. वारंवारता ताणाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढते, म्हणून तिप्पट ताणाने ती साधारण 1.73 पट व्हायला हवी. तेवढंच रबर आता दुप्पट लांबीवर पसरलंय, म्हणजे दर सेंटीमीटरचं वजन निम्मं झालं. त्यामुळे आणखी 1.41 पट. दोन्ही मिळून साधारण 2.45 पट. एवढंच झालं असतं तर सूर पुरतं एक सप्तक ओलांडून वर गेला असता. पण लांबी दुप्पट झाल्यामुळे वारंवारता निम्म्यावर येते. हातात उरतात 1.22 पट, म्हणजे 100 चे फक्त 122 हर्ट्झ. सा पासून कोमल ग च्या जरासं वर, इतकाच फरक. तोही रबर दुपटीने लांब केल्यावर.

प्रत्यक्षात हा फरकही नेहमी मिळत नाही. रबर काही सरळ हिशेबाने ताण वाढवत नाही. सुरुवातीला तो घट्ट असतो, मधल्या टप्प्यात मऊ पडतो, म्हणजे लांबी भराभर वाढते पण ताण त्या मानाने वाढत नाही. त्या टप्प्यात सूर जागेवरच राहतो किंवा चक्क थोडा खाली येतो. त्या मुलीच्या हातातला रबर याच टप्प्यात होता. अगदी तुटायच्या बेताला आल्यावर मात्र रबर एकदम ताठ होतो आणि सूर झपकन चढतो, कारण त्यातले लांबलचक वेटोळे घेतलेले रेणू आता सरळ झालेले असतात आणि आणखी लांबायला जागा उरत नाही. हा शेवटचा टप्पा वर्गात मुलांकडून करून घेऊ नका. सुटलेला रबर डोळ्यावर बसतो. ताणलेला रबर चेहऱ्यापासून लांब, छातीच्या खाली धरायचा हा नियम पहिल्याच मिनिटाला सांगावा.

रबर डब्यावर चढवला की काय बदलतं?

आता झाकण काढलेला स्टीलचा डबा घ्या आणि रबर त्याच्या तोंडावरून आडवा चढवा. डब्याच्या काठांमुळे कंप पावणाऱ्या भागाची लांबी पक्की होते. काठावरून बाजूला उतरलेला रबर बोटाने खाली ओढत ओढत दुसऱ्या हाताने वरचा भाग छेडा. या वेळी सूर स्पष्टपणे वर सरकत जातो, कारण लांबी तीच राहिली, ताण वाढला आणि रबर पातळ झाला. फळ्यावरचं वाक्य आता खरं ठरतं. फक्त त्यात "लांबी तीच ठेवून" हे तीन शब्द घालायचे राहिले होते.

लगेच दुसरी बाजूही दाखवून टाका. ओढणं सोडून द्या, रबर डब्याच्या तोंडाच्या मधोमध बोटाने हलकेच दाबून धरा आणि अर्धा भाग छेडा. लांबी निम्मी झाली, वारंवारता दुप्पट, म्हणजे तोच सूर वरच्या सप्तकातला. जोरात दाबलं तर दाबण्याने ताणही वाढतो आणि सूर सप्तकापेक्षा थोडा पुढे जातो, म्हणून हलकेच.

"जाड रबराचा सूर खाली, बारीक रबराचा वर" हे तिसरं ठरलेलं वाक्य. इथेही मुलांची फसगत होते. मोकळेपणी सारख्याच लांबीचे, एकाच प्रकारच्या रबराचे, एक जाड आणि एक बारीक असे दोन बँड एकाच डब्यावर शेजारी शेजारी चढवून बघा. सूर जवळपास सारखे येतात. जाड रबर दुप्पट जड असेल तर तेवढंच ताणायला त्याला ताणही दुप्पट लागतो, आणि दोन्ही एकमेकांना खोडून काढतात. जाडीचा परिणाम दाखवायचा तर दोन्हींवर ताण सारखा हवा. दोन्ही रबर कापून सरळ पट्ट्या करा. एक टोक बाकावर ठोकलेल्या खिळ्याला बांधा, दुसरं टोक बाकाच्या कडेवरून खाली सोडून त्याला थोडं पाणी भरलेली लहान बाटली टांगा. दोन्ही बाटल्यांत पाणी सारखं आणि खिळ्यापासून कडेपर्यंतचं अंतरही सारखं. रबर बाकाला घासू नये म्हणून खिळ्याजवळ आणि कडेजवळ एकेक पेन्सिल खाली सरकवा. आता जाड पट्टीचा सूर स्वच्छ खाली लागतो.

डबा काय करतो?

बोटांत ताणलेला रबर कानाशी नेल्याशिवाय ऐकू येत नाही. डब्यावरचा मागच्या बाकापर्यंत ऐकू जातो. बारीक रबर हवेतून पुढेमागे जातो तेव्हा हवा त्याच्या बाजूने निसटून जाते, फारशी ढकलली जात नाही. डब्यावर असताना रबर काठाला हलवतो, काठ सगळ्या डब्याला, आणि डब्याचा रुंद पत्रा पुष्कळ हवा ढकलतो. डबा स्वतः नवीन शक्ती आणत नाही. तो रबराची शक्ती हवेत लवकर सोडून देतो, म्हणून डब्यावरचा आवाज मोठा असतो पण विरतोही लवकर. मिरजेला सतार-तंबोऱ्याला भोपळा लावतात तो याच कामासाठी.

मुलांना डब्यावर हात ठेवून कंपन जाणवू द्या. डब्याच्या दोन्ही बाजू हातांनी घट्ट दाबल्या की आवाज बसका होतो, तेही करून बघायला सांगा. पुढच्या भागात या गोष्टीचा उपयोग होणार आहे.

डब्यांच्या फोनमध्ये दोऱ्यातून जातं काय?

मुलांना फोनचं चित्र काढून "आवाज कसा जातो ते दाखवा" म्हटलं की बरीच मुलं दोरा नळीसारखा पोकळ काढतात आणि आतून शब्द जाताना दाखवतात. काही जण दोरा नागमोडी हलताना काढतात. दोन्ही चित्रं चूक आहेत, पण कशी ते समजावायला मोठ्यांनाही वेळ लागतो.

आपण बोलतो तेव्हा डब्यातली हवा कंप पावते आणि डब्याचं बूड आतबाहेर हलतं. ही हालचाल डोळ्याला दिसणार नाही इतकी बारीक असते. बूड तोंडाच्या बाजूला आलं की दोरा किंचित जास्त ओढला जातो, उलट बाजूला गेलं की किंचित सैल पडतो. ही ओढ-सैल दोऱ्याच्या लांबीच्या दिशेने पुढे जाते आणि पलीकडच्या डब्याचं बूड तशाच तालात हलवते. जुन्या एसटीत कंडक्टर मागून घंटीची दोरी ओढायचा आणि टोला ड्रायव्हरच्या डोक्यावर पडायचा, तसंच हे. दोरी काही मागून पुढे प्रवास करत नव्हती. ती जेमतेम बोटभर सरकायची, पुढे पोचायची ती ओढ. दोरी लोंबकळत असली की कितीही ओढा, आधी ती सरळ होण्यातच ओढ संपायची. फोनमध्ये फरक एवढाच की एका टोल्याऐवजी सेकंदाला शेकडो बारीक ओढी जातात.

दोरा ताठ का हवा हे यातूनच कळतं. दोऱ्याने ओढता येतं, ढकलता येत नाही. आधीपासून ताण असेल तरच आवाज त्यात थोडं वाढवू आणि थोडं कमी करू शकतो.

नागमोडी चित्रासाठी एक साधी चाचणी आहे. कागदाचा बोटभर तुकडा मधे दुमडून ताठ दोऱ्यावर घोड्यासारखा बसवा. दोरा बोटाने छेडला की कागद उडतो. फोनमध्ये बोलत राहिलं तर तो हलताना दिसत नाही, आणि तरी पलीकडे बोलणं ऐकू येतं. म्हणजे बोलणं नेणारी हालचाल आडवी नाही.

पण आवाज हवेतूनच आला नाही कशावरून?

ही शंका रास्त आहे आणि वर्गातल्या खोलीत तिला उत्तर देता येत नाही, कारण दोन टोकांत पाच मीटरचं अंतर असतं आणि मुलं फोनमध्ये ओरडत असतात. मैदानावर जा, 12-15 मीटर दोरा घ्या आणि कुजबुजायचा नियम करा. एका मुलाला दोऱ्याजवळच, मधोमध, पण रिकाम्या कानाने उभं करा. तो बोलणाऱ्याच्या जास्त जवळ आहे. त्याला काही ऐकू आलं नाही आणि टोकाच्या मुलाला आलं, तर आवाज हवेतून गेलेला नाही.

मग बोलणारा एकसारखं बोलत असताना दुसऱ्या कुणी दोरा मधेच चिमटीत धरायचा, सोडायचा, पुन्हा धरायचा. ऐकणाऱ्याने डोळे मिटून, ऐकू येतंय तोवर हात वर ठेवायचा. चिमटीबरोबर हात वरखाली होऊ लागला की वेगळं काही समजवावं लागत नाही.

काय बोलायचं तेही ठरवून द्या. "हॅलो, ऐकू येतंय का?" हे निम्मं ऐकू आलं तरी मेंदू भरून काढतो. त्यापेक्षा चिठ्ठीवर आकडे लिहून द्या: सात, साठ, आठ, पाच, एकोणसाठ, एकोणपन्नास. ऐकणाऱ्याने लिहून घ्यायचे. चुका कुठे होतात ते बघण्यासारखं असतं. स्वर चांगले पोचतात, "स" सारखे बारीक सुरातले आवाज वाटेत विरतात, त्यामुळे "साठ" आणि "आठ" यांची सर्रास अदलाबदल होते.

एक दावा मात्र करू नका. घन पदार्थातून आवाज हवेपेक्षा वेगाने जातो हे खरं आहे, पण ते या फोनवर कानाने कळत नाही. हवेतून आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणजे 15 मीटरला सेकंदाचा साधारण तेविसावा भाग लागतो. तेवढा फरक कुणालाच ओळखू येत नाही. "दोऱ्यातून आधी ऐकू आलं ना?" असं विचारलं तर मुलं हो म्हणतील, पण ते बाईंना बरं वाटावं म्हणून.

फोन लागत नाही तेव्हा

बहुतेक बिघाड दोऱ्याला कशाचा तरी स्पर्श झाल्यामुळे होतात: भिंतीचा कोपरा, झाडाची फांदी, मुलाचं स्वतःचं बोट. बोटं डब्याच्या बुडाला टेकवून धरली तरी तेच होतं. आधी डबा दाबल्यावर रबराचा आवाज बसला होता, त्याचंच हे कारण. कोपऱ्यावरून वळायचंच असेल तर दोरा तिथे दुसऱ्या दोऱ्याच्या सैल फासात टांगा, काम भागतं.

दुसरं कारण म्हणजे जाड बुडाचा डबा. पत्र्याचा डबाच हवा हा हट्ट आपला आहे, आवाजाचा नाही. चहाचा कागदी कप किंवा जुनी काडेपेटी पुष्कळदा जड डब्यापेक्षा स्पष्ट बोलते, कारण बूड हलकं असतं. कागदी कप जास्त ताणला तर फाटतो, म्हणून लांब दोऱ्याला पातळ पत्राच बरा. बुडाच्या मधोमध दोऱ्यापुरतंच भोक पाडा आणि आत काडीच्या तुकड्याला गाठ मारा, म्हणजे दोरा निसटत नाही. कापलेल्या डब्याची धार हातोडीने आत वळवून वर चिकटपट्टी लावा. दोरा शिवणाचा सुती किंवा मासे धरायच्या गळाचा चालतो. सुतळी आणि लोकर मऊ आणि केसाळ असल्याने ओढ आपल्यातच जिरवतात. मांजा अजिबात नको.

दोऱ्याच्या जागी रबर लावला तर?

हा प्रयोग पुस्तकांत सहसा नसतो, पण दोन्ही धडे तो एकत्र बांधतो. चालू असलेल्या फोनचा दोरा मधे कापा आणि दोन तुकड्यांमध्ये एक रबरबँड बांधा. दोरा पुन्हा पूर्वीइतकाच ताठ करा. मुलांना आधी अंदाज लिहायला सांगा. बहुतेक लिहितात की आवाज वाढेल, कारण रबर चांगला वाजतो हे त्यांनी नुकतंच ऐकलेलं असतं.

आवाज एकदम मंदावतो, कुजबुज तर पोचतच नाही. बुडाने दिलेली ओढ रबर थोडासा लांबून स्वतःकडेच ठेवतो आणि पुढच्या दोऱ्याला फार थोडी देतो. रबर वाजतो तो सहज लांबतो आणि झटकन परत येतो म्हणून, आणि फोनमध्ये नेमकं हे सहज लांबणंच आड येतं. छेडायला रबर हवा, निरोप न्यायला न लांबणारा दोरा. रबर काढून दोरा पुन्हा जोडला की फोन लागतो, म्हणजे दोष ताणाचा नव्हता हेही सिद्ध होतं.

मोबाईलमध्ये दोरा कुठे असतो?

हा प्रश्न येतोच. इंग्लंडमध्ये रॉबर्ट हूकने ताणलेल्या तारेतून आवाज बराच लांब पाठवल्याचं 1665 मध्ये लिहून ठेवलंय, तेव्हा फोन हा शब्दही नव्हता. तारेची अडचण तीच, ती कुठे टेकता कामा नये आणि ढिली पडता कामा नये. अलेक्झांडर ग्रॅहम बेलच्या 1876 च्या टेलिफोनमध्ये दोन्ही टोकांना कंप पावणारे पडदे तसेच राहिले, पण मधल्या ओढीचं काम विजेच्या प्रवाहाने घेतलं. प्रवाह कमीजास्त होतो आणि पलीकडचा पडदा तसा हलतो. विजेच्या तारेला ताठ असायची गरज नाही, ती खांबाखांबांवरून लोंबकळत कोपऱ्यावर वळू शकते. मोबाईलमध्ये तारही गेली, पण बोलायच्या बारीक भोकामागे हवेने हलणारा एक इवलासा पडदा आजही असतो, आणि ऐकायच्या बाजूला दुसरा.